वेळेचा रकाना

शीतगृहातली माणसं त्यांना मीटरकाका म्हणत, आणि त्यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. फळं आणि औषधं साठवणाऱ्या त्या शीतगृहाच्या कॉम्प्रेसरखोलीत एकोणतीस वर्षं काढलेला हा माणूस कुठल्याही काट्यावर पहिल्या नजरेत विश्वास ठेवत नसे. दाब किती, तेल किती गरम, आतलं तापमान किती, हे दर तासाला तक्त्यावर लिहायचं असतं. काका आधी काचेवर टिचकी मारत, वाकून बघत, "हं" म्हणत आणि मग पेनाचं टोपण काढत.

"काका, काटा खोटं बोलतो का कधी?" असं त्यांच्या खात्यातला, दुसऱ्या पाळीचा बोका विचारी. त्याचे डोळे घारे होते आणि दूध दिसलं की त्याला राहवत नसे, म्हणून तो बोका.

"माणूस खोटं बोलला तर निदान तोंडावरून कळतं," काका म्हणत. "काट्याला तोंड कुठे असतं?"

अशा माणसाला जावयाने मनगटावरचं घड्याळ भेट दिलं. ते घड्याळ पावलं मोजायचं, झोप मोजायचं, झोपेतली नाडीसुद्धा मोजायचं. जावई म्हणाला, "बाबा, फोनला जोडून देतो, सगळी नोंद आपोआप राहील."

"नको," काका म्हणाले. जावई चांगला होता, पण नोंद नक्की कुणाकडे राहील हे त्याने सांगितलं नव्हतं. त्यामुळे घड्याळ फोनला जोडलंच गेलं नाही. शेवटच्या झोपेतल्या नाडीचा आकडा तेवढा त्याच्या तबकडीवर दिसे.

पहिल्या आठवड्यात आकडा आला शहात्तर. मग चौऱ्याहत्तर. मग एकोणऐंशी.

सोबतच्या माहितीपत्रकात लिहिलं होतं की झोपेत नाडी जागेपणापेक्षा खाली जाते. काकांनी जागेपणी मनगटावर बोट ठेवून पूर्ण मिनिटभर मोजली, तर बाहत्तर. म्हणजे हा गडी झोपल्यावर जास्त धावत होता. तो कुठे धावत होता आणि कशासाठी, हे काही काकांना कळेना.

काका रोजचा आकडा लिहून ठेवू लागले. त्याला कारण होतं. त्यांचा थोरला भाऊ झोपेतच गेला होता, बावन्नाव्या वर्षी. संध्याकाळी गप्पा मारून आडवा झाला तो सकाळी उठलाच नाही. हृदय, एवढंच डॉक्टर म्हणाले होते. काकांना एक्कावन्न पूर्ण झाली होती. आता रोज अंथरुणाला पाठ टेकली की एकच प्रश्न मनात येई: आपणही दादाच्याच वाटेवर आहोत का?

हे ते कुणालाही बोलले नाहीत. संशय मात्र सगळ्यांवर घेऊ लागले. पहिला संशय घड्याळावर. काटा बिघडला असं वाटलं तर त्याला हात लावायचा नाही, आधी तो दुसऱ्या ठिकाणी लावून बघायचा, हा कॉम्प्रेसरखोलीचा नियम. म्हणून साप्ताहिक सुट्टीच्या रात्री त्यांनी ते घड्याळ बायकोच्या मनगटावर बांधलं.

"हे काय नवीन?" ती म्हणाली. "मला घड्याळ बांधून तुम्ही कुठे निघालात?"

"कुठे नाही गं. झोप तू."

"तीस वर्षांत बांगडी घातली नाहीत हाताने, आणि आज घड्याळ! काहीतरी शिजतंय तुमचं."

सकाळी तिचा आकडा आला एकोणसाठ. घड्याळ निर्दोष सुटलं.

मग संशय शिलाई मशीनवर गेला. बायको घरीच कपडे शिवायची, आणि पाळ्या फिरत असल्याने काका रात्रपाळीनंतर सकाळी झोपायचे तेव्हा शेजारच्या खोलीत मशीन खडखडत असे. त्यांनी कानात कापूस घातला. आकडा पंचाहत्तर. मग उशीवर, मग पाळी सुटताना घेतलेल्या कडक चहावर, मग चहात बायको काही घालते की काय इथपर्यंत गाडी पोचली. एकदा ती कप पुढे करत असताना काकांनी तो नाकाशी धरून हुंगला.

"विष नाही घातलं," ती शांतपणे म्हणाली. "अजून तरी."

संशय तिलाही होताच. हे गृहस्थ उठल्या उठल्या एका लहान वहीत काहीतरी लिहितात आणि वही गादीखाली सारतात, हे तिने दोनदा पाहिलं होतं. तिसऱ्या वेळी तिने वही काढली. आत नुसत्या तारखा आणि आकडे होते. तिला वाटलं, पत्ते नाहीतर सट्टा. ती दोन दिवस मोजकंच बोलत होती.

अशातच वार्षिक तपासणीचा दिवस आला. शीतगृहाच्या आवारात एक दवाखान्याची खोली होती. तिथल्या सिस्टर रोज असत आणि डॉक्टर गुरुवारी येत. काका घड्याळ आणि वही खिशात लपवून आत गेले. सिस्टरनी रक्तदाब घेतला, नाडी मोजली.

"त्रास काही?"

"छे, ठणठणीत." मग जरा थांबून म्हणाले, "माझा एक मित्र आहे. त्याची नाडी झोपेत जास्त चालते."

"मित्राचं वय?"

"एक्कावन्न."

"काम?"

"रात्रपाळी. म्हणजे तसंच काहीतरी."

"कॉम्प्रेसरवर?" सिस्टरनी मान वर केली. "मित्राला म्हणावं, लपवून ठेवलेली वही दाखव. वही असणारच. तुमच्या खात्यातली माणसं आजारीसुद्धा तक्ता घेऊन पडतात."

काका ओशाळले, पण वही काढली. सिस्टरनी पानं उलटली. दोन महिन्यांचे आकडे, एकाखाली एक, मोत्यासारखे.

"आणि वेळ?"

"कसली वेळ?"

"हा आकडा कुठल्या झोपेचा? सकाळी नऊला झोपलात त्याचा, की रात्री दहाला?"

काकांनी वहीकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला. कॉम्प्रेसरखोलीच्या तक्त्यावर तास आधीच छापलेले असतात. माणसाने फक्त समोर आकडा भरायचा. एकोणतीस वर्षं काकांच्या हाताने कधी वेळ लिहिलीच नव्हती. त्यामुळे वहीतही तारीख आली, आकडा आला आणि वेळ राहून गेली.

"दुपारी बारा वाजता आणि पहाटे चार वाजता तुमच्या कॉम्प्रेसरवर सारखाच भार असतो का?" सिस्टरनी विचारलं.

"अजिबात नाही! बाहेर ऊन, दारं सतत उघडतात. दुपारचा आकडा पहाटेच्या आकड्याशी ताडला तर लोक हसतील."

एवढं बोलून त्यांनी पुन्हा वहीत डोकं घातलं. आपण दोन महिने नेमकं तेच केलं, हे त्यांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

सिस्टरनी हजेरीपुस्तक मागवलं. दोघांनी बसून प्रत्येक आकड्यापुढे त्या दिवसाची पाळी आणि झोपेची अंदाजे वेळ लिहिली. हळूहळू चित्र दिसू लागलं. सलग चार-पाच दिवस रात्रीच्या झोपेचे होते, तेव्हा आकडा एकसष्ट-बासष्ट. रात्रपाळीनंतर सकाळच्या झोपेत बाहत्तर ते शहात्तर. पण सगळ्यांत वरचे आकडे, अठ्ठ्याहत्तर, एकोणऐंशी, भलत्याच ठिकाणी होते.

"हे कुठले दिवस?" सिस्टरनी बोट ठेवलं.

काकांनी हजेरीपुस्तकात पाहिलं. "या दिवशी बोक्याच्या जागी बदली गेलो. त्याच्या मेहुण्याचं काम होतं. हा परत बोकाच. हा... हाही बोकाच."

"दोन महिन्यांत किती बदल्या?"

"अकरा," मोजून काका म्हणाले. आणि पहिल्यांदाच त्यांना बोक्याच्या मेहुण्याचा संशय आला. एवढी कामं एका मेहुण्याला असतात तरी कशी?

गुरुवारी डॉक्टरांनी हृदयाचा आलेख काढला, छातीत धडधड, चक्कर, दम, घोरणं, सगळं विचारलं, रक्त तपासायला पाठवलं. भावाबद्दलही विचारलं, आणि काकांनी दादाची गोष्ट प्रथमच दुसऱ्या माणसाला सांगितली. आलेख साफ होता. आठवड्याने रक्ताचे अहवालही ठीक आले.

"शरीराचं आपलं एक घड्याळ असतं," डॉक्टर म्हणाले. "ते उजेड-अंधारावर चालतं. दिवसा ते हृदयाला कामाचा वेग देतं, तुम्ही डोळे मिटलेत तरी. म्हणून दिवसाच्या झोपेत नाडी रात्रीइतकी खाली उतरत नाही आणि झोपही उथळ लागते. त्यात तुमची झोप कधी नऊला, कधी दुपारी दोनला, कधी रात्री. शरीर एका वेळेला सरावू लागतं तोवर तुम्ही वेळ हलवता. वरून कडक चहा, भरलेलं पोट, गरम खोली."

"म्हणजे हृदय चांगलं आहे?" काकांनी संशयाने विचारलं.

"आज जे तपासलं त्यात दोष नाही. भावाचा इतिहास आहे, म्हणून दर वर्षी या. पण असं वेडंवाकडं वेळापत्रक वर्षानुवर्षं चालवणं हृदयाला मानवत नाही, हेही खरं. झोपेचे निदान चार तास रोज एकाच वेळी येऊ द्या, सुट्टीच्या दिवशीसुद्धा."

काका घरी आले आणि वही बायकोच्या पुढ्यात ठेवली. सगळं सांगितलं, दादासकट. ती वहीची पानं उलटत राहिली.

"मी सट्टा समजले होते," ती शेवटी म्हणाली. "आणि तुम्ही एकटेच मरणाची तयारी करत होतात. एकोणसाठ आकडा माझा, आणि मलाच पत्ता नाही!" तिने डोळे पुसले आणि लगेच विचारलं, "मशीन कधी चालवू आणि कधी नको, ते आधी सांगा."

ठरलं ते असं. रात्रपाळीत सकाळी साडेआठ ते दुपारी एक झोप, खिडकीला जाड पडदा, मशीन दुपारनंतर. चहा पहाटे दोनच्या पुढे नाही. सुट्टीच्या रात्री उशिरापर्यंत जागून पहाटे चारला झोपायचं आणि दुपारी साडेबारापर्यंत उठायचं नाही, म्हणजे साडेआठनंतरचे चार तास रोज झोपेचेच राहतील.

खरी कसोटी सोमवारी लागली. कपडे बदलायच्या खोलीत बोका आला.

"काका, बुधवारी माझ्या जागी सकाळपाळी करता का? मेहुण्याचं जरा..."

"नाही."

बोका हसला. मग त्याला कळलं की हे 'नाही' खरंखुरं आहे. "कुणी कान भरले तुमचे?"

"कुणी नाही. बुधवारी सकाळी मी झोपलेला असणार."

"एकोणतीस वर्षांत कधी नाही म्हटलं नाहीत! काय झालंय, खरं सांगा. दुसरीकडे नोकरी बघताय ना?"

काका खरं सांगणार होते, पण बोक्याला ते खरं वाटलं नसतं. ते सरळ पाळीच्या इंजिनियरबाईंकडे गेले आणि वही पुढे ठेवली. आता तिच्यात वेळेचा रकाना होता.

"महिनाभर मला एकच पाळी द्या, रात्रीची चालेल. आणि कुणाच्या जागी बदली हवी असेल तर ती तोंडी नको, तुमच्या सहीने."

बाईंनी रकाने खालपासून वरपर्यंत वाचले. "रात्रपाळी मागणारा माणूस मी पहिल्यांदा पाहतेय," त्या म्हणाल्या. "यात तुमचा काही डाव तर नाही ना, काका?"

"आहे," काका म्हणाले. "जरा जास्त जगायचा."

बाईंनी सही केली.

तीन आठवड्यांनी आकडा अडुसष्टवर आला. एकसष्टपर्यंत तो गेला नाही, आणि दिवसा कदाचित जाणारही नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंच होतं. काकांनी तो आकडा वहीत लिहिला, त्याच्यापुढे साडेआठ ते एक असं लिहिलं, आणि गादीखाली न सारता वही स्वयंपाकघरात नेऊन भाजीच्या टोपलीशेजारी उघडीच ठेवली. बायकोने येताजाता तिच्यावर नजर टाकली.

"कालच्यापेक्षा एकाने कमी," ती म्हणाली, आणि मशीनवर बसली.