वाट बघतोय, हे सांगायचं राहिलं

रांजणगावच्या कारखान्यात डेटाबेस सांभाळते मी. गुरुवारी साप्ताहिक सुट्टी, म्हणून त्या दिवशी दहा ते एक, ट्रक यायच्या आधी, मला मोकळे मिळालेले. प्रोग्राम फार हळू झालेला, म्हणून स्टॉकच्या टेबलाचे इंडेक्स, म्हणजे नोंदी शोधायच्या याद्या, नव्याने बांधायचे होते. दहाला जॉब लावला. स्क्रीनवर ‘चालू’ दिसलं, तसं साहेबांना फोनवर सांगितलं, “चालू आहे सर,” आणि डबा उघडला. अर्ध्या तासाचं काम ते, एवढं काय बघायचं!

साडेअकराला बघते तर जॉब जागचा हललेला नाही. चालू कसला, दुसऱ्या कुणी टेबलावर धरलेला लॉक सुटायची वाट बघत नुसता उभा. अडवलं कुणी? स्टोअरच्या कॉम्प्युटरवरून सकाळी साडेआठला उघडलेलं, अजून सेव्ह न झालेलं एकच ट्रान्झॅक्शन.

ते स्टोअरच्या आप्पांचं; सुट्टीच्या दिवशी माल मोजायला ते यायचे. कॉम्प्युटर ट्रॉलीवर ठेवून रॅकमागून रॅक मोजायचे, मोजतील तसं टाइप करायचे, पण पुन्हा एक फेरी मारल्याशिवाय शेवटचं ‘सेव्ह’ दाबायचे नाहीत. तोवर त्यांच्या सगळ्या नोंदी कच्च्या आणि लॉक तसेच धरलेले. मी पळत स्टोअरला गेले. कुलूप! वॉचमन म्हणाला, “आप्पा अकरालाच गेलं की, केंदूरला साखरपुड्याला. आल्यावर फेरी मारतो म्हनलं.” आप्पांचा फोन नुसता वाजत राहिला.

एक वाजता गेटवर तीन ट्रक लागले. पास निघेना, कारण ट्रकच्या नोंदी आता माझ्या जॉबच्या मागे अडकलेल्या. मी म्हटलं, “सर, माझाच जॉब काढते, ट्रक सुटतील.” साहेब तडकले, “आणि प्रोग्राम असाच रडत चालवायचा? ते स्टोअरचं सेशन उडवा.”

उडवलं. आप्पांचं सकाळपासूनचं मोजलेलं सगळं पुसलं गेलं. वीस मिनिटांत माझं काम झालं, ट्रक गेले. रिपोर्टमध्ये लिहिलं: स्टोअरच्या सेशनने साडेआठपासून लॉक धरला होता. यात खोटं काहीच नव्हतं. आप्पांना मेमो मिळाला, निवृत्तीला चार महिने असताना.

शुक्रवारी ते पहिल्या रॅकपासून पुन्हा मोजत होते. मी जाऊन उभी राहिले. ते भांडले असते तर बरं झालं असतं.

“ताई, तुमचं काम कवापासून अडलं व्हतं?”

“दहापासून.”

“आन् तुम्ही बघितलं कवा?”

“साडेअकराला.”

ते बोल्ट मोजायचे थांबले. “दहाला मी हितंच व्हतो की. भिंतीपल्याड. एक हाक मारायची, पोरी.”

परत जाऊन रिपोर्टमध्ये तेही लिहिलं: वाट बघणं दहाला सुरू झालं, मी दीड तास पाहिलं नाही, कळवलं नाही. साहेब म्हणाले, आता कशाला, फाइल बंद झाली. मेमो आप्पांच्याच नावावर राहिला.