स्थिर आकार दुप्पट कसा?

नांदेडला आमच्या गल्लीत विजेचं बिल आलं की ते आधी माझ्याकडे येई. मी पस्तीस वर्षं हिशोबाच्या टेबलावर घालवली, त्यामुळे निवृत्तीनंतर ओट्यावर चष्मा लावून बसायचा हक्क मला आपोआप मिळाला होता. गेल्या वर्षापासून मात्र बायका परस्पर स्वयंपाकघरात शिरू लागल्या. "काकू, जरा बघता का?" काकू म्हणजे माझी बायको. बिल वाचायला मीच तिला शिकवलं होतं, मेथी निवडता निवडता. आता तिच्यापुढे चार बिलं आणि माझ्यापुढे रिकामी कपबशी, हे मला सहन होत नव्हतं. सरळ सांगतो, मी जळत होतो.

म्हणून समोरची अंगणवाडीतली मदतनीस बिल घेऊन आली, तेव्हा मी तिला ओट्यावरच अडवलं. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात वाचायला लागलो. चालू रीडिंग ६४७४, मागील रीडिंग ६२१४. वजा केले, दोनशे साठ युनिट. तिच्या मीटरवरचा आकडाही जाऊन पाहून आलो. पहिले शंभर स्वस्त दरानं, उरलेले एकशे साठ त्याच्या दुपटीहून महाग दरानं. त्यात युनिटमागचा वहन आकार, स्थिर आकार, इंधन समायोजन, आणि या सगळ्यावर वीज शुल्क. बेरीज पैशापर्यंत जुळली.

"बिल बरोबर हाय. भरून टाक," मी म्हणालो.

तिचा चेहरा पडला. "काका, एवढे पैसे कुठून आणू? पगार अजून झाला न्हाई. लाईट तोडतील का?"

"वापरलं की भरावंच लागतं बाई."

ती बिल तिथंच ठेवून पाणी भरायला गेली. जेवताना बायकोनं ते उचललं आणि आमचं बिल शेजारी मांडलं.

"अहो, तिचा स्थिर आकार आपल्या दुप्पट कसा?"

"दर वाढले असतील."

"मग आपले का न्हाई वाढले? मीटर तर सारखंच हाय."

 तिनं बोट खाली सरकवलं. मी रीडिंग वाचली होती, त्यांच्या तारखा वाचल्या नव्हत्या. दोन तारखांमध्ये दोन महिने होते, मधल्या महिन्यात तिला बिल आलंच नव्हतं. स्थिर आकार दोन महिन्यांचा लावला होता, ते ठीकच. मग स्वस्त युनिटंही दोन महिन्यांची, म्हणजे दोनशे मिळायला हवी होती आणि महाग फक्त साठ. बिलात शंभर युनिटं उगाच महाग दरात गेली होती, आणि वीज शुल्कही त्यावर चढलं होतं.

बायकोला आनंद झाला होता, आणि तिनं तो दाखवला नाही. त्याचाच मला जास्त राग आला. तिनं हा हिशोब एका कागदावर मांडला; त्या दुपारी मी तो कागद तीनदा तपासला, एखादी तरी चूक सापडावी म्हणून. सापडली नाही.

"तुम्हीच घेऊन जा तिला वीज कार्यालयात," बायको म्हणाली. "तिथं तुमचं ऐकतील."

दुसऱ्या दिवशी मी आणि मदतनीस गेलो. अर्ज दिला, दोन्ही तारखांखाली रेघ मारून दाखवली. खिडकीतल्या बाबूनं संगणकावर पाहिलं, मान हलवली आणि बिल दुरुस्त करून दिलं. पाचशेहून जास्त रुपये कमी झाले. मग त्यानं सहज विचारलं, "हे पकडलं कुणी? सहसा लक्षात येत न्हाई कुणाच्या."

"मी," मी म्हणालो.

दुसऱ्या कुणाचं नाव त्यानं विचारलंच नव्हतं, अशी मी वाटभर स्वतःची समजूत घालत होतो. घरी बायकोनं पाण्याचा तांब्या दिला आणि काय झालं ते विचारलं. दुरुस्त झालं, एवढंच मी सांगितलं.

संध्याकाळी मदतनीस पेढे घेऊन आली. डबा थेट माझ्या हातात दिला आणि बायकोकडे वळून म्हणाली, "काकू, तुम्ही पाहायला पाहिजे होतं! साहेबानं विचारलं, पकडलं कुणी? काकांनी छातीला हात लावून सांगितलं, मी म्हणून!"

मला वाटलं, आता ही बोलणार. ओट्यावर आणखी दोघी बसल्या होत्या. ती खरं बोलली असती तर गल्लीत माझी पुरती शोभा झाली असती. मी डब्याचं झाकण उघडतच राहिलो.

"हाव," बायको म्हणाली, "बिलाच्या बाबतीत त्यांचं डोकं लई चालतं."

आणि डब्यातला पहिला पेढा तिनं माझ्याच हातावर ठेवला. तो मी खाल्ला. आजही तिच्यापुढे बिलं पडली की मी जळतो, पण आता ओट्यावर कुणी बिल घेऊन आलं, तर आधी तारखा बघतो आणि मग तिला हाक मारतो.