उंब्रजचं गोदाम आणि धाकट्याचे टेम्पो

आमचा बेदाण्याचा धंदा सांगलीत. पुढं भांडणं नकोत म्हणून वडिलांनी, आप्पांनी, माझ्या दोन्ही भावांच्या हिशेबाच्या फायली पहिल्यापासून वेगळ्या ठेवलेल्या. उंब्रजला नवं गोदाम बांधायचं ठरत होतं, ते थोरल्याच्या फायलीत गेलं. तिथून सातारा-वाईला माल पोचवायला घ्यायचे टेम्पो धाकट्याच्या. अंदाजी हिशेब मी केला. गोदाम एकटं तोट्यात, टेम्पो भरघोस नफ्यात. धाकटा मिशीत हसत होता.

"गोदाम ऱ्हाऊ दे, टेम्पो तेवढे घेऊ," आप्पा म्हणाले.

मी भडकले. "आवं आप्पा, गोदाम न्हाई तर टेम्पो भरायचे कुठनं?"

मी दोन्ही हिशेब एकाच कागदावर मांडले. टेम्पोंची कमाई गोदामाचा तोटा भरून वर चांगली उरत होती.

आप्पांनी कागद धाकट्यापुढं सरकवला. "तुझा नफा थोरल्याच्या छपराखाली हाय रं."