पिवळ्या बल्बखाली पास झालेला मुलगा

माझ्या धाकट्या बहिणीचा मला हेवा वाटतो. हे वाक्य मी मोठ्याने कधी म्हटलेलं नाही, पण घरात ते सगळ्यांना माहीत आहे. ती मेडिकल कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवते. मी रत्नागिरीतल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात चष्म्याचे नंबर काढते. ती सांगते ते ज्ञान, आणि मी सांगते ते "एक डोळा झाका, खालची ओळ वाचा."

पण खरं पोटात दुखायचं ते मुलांवरून. आमच्या बाबांना लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नसे. रातांब्याच्या झाडाखाली उभे राहून ते पिकलेलं फळ पानांत शोधत बसायचे आणि आई मागून वैतागायची, "अहो, समोर लालभडक दिसतंय ते." आम्ही दोघी हसायचो. पुढे शिकल्यावर हसू आटलं. बापाकडे एकच एक्स गुणसूत्र असतं आणि ते प्रत्येक मुलीला मिळतंच. म्हणजे तो दोष आम्ही दोघींनी घेतलेला होता. आमचं दुसरं एक्स चांगलं, म्हणून आम्हाला रंग व्यवस्थित दिसतात. पण मुलगा झाला की त्याला आईच्या दोन एक्सपैकी एक मिळतं. चांगलं मिळालं तर सुटला, बाबांचं मिळालं तर अडकला. प्रत्येक मुलाच्या वेळी निम्मी शक्यता, आणि एकाचा कौल दुसऱ्याला लागू नाही.

दोघींना एकेक मुलगा. माझा प्राथमिक शाळेत असताना मी त्याला दवाखान्यात नेलं, खिडकीजवळ बसवलं आणि ठिपक्यांचं पुस्तक समोर धरलं. रंगीत ठिपक्यांत आकडा लपलेला असतो, तो वाचायचा. त्याने पान न्याहाळलं आणि विचारलं, "आई, यात आकडा कुठाय?" सासूबाई म्हणाल्या, आमच्याकडे असं कोणी नाही. खरंच होतं ते. मुलाला एक्स आईकडूनच येतं, त्यामुळे त्यांच्याकडे असण्याचा प्रश्नच नव्हता.

महिन्याभरात बहिणीचा फोन आला. तिनेही लेकाची तपासणी केली होती, कॉलेजातून पुस्तक आणून, घरीच. सगळे आकडे वाचले म्हणाली. "सुटलो गो ताई," असं म्हणाली आणि मग माझी आठवण झाली म्हणून आवाज खाली आणला. त्या खाली आणलेल्या आवाजाचा मला जास्त राग आला.

दोन्ही मुलांना बोटीवर जायचं होतं. इथल्या मुलांना ते वेड असतंच; गल्लीत एखादा तरी बोटीवरचा असतो आणि तो सुट्टीत आला की सगळी पोरं त्याच्याभोवती. माझ्या मुलाला तो आठ-दहा वर्षांचा असतानाच मी सांगितलं की जहाजाच्या डाव्या अंगाला लाल दिवा असतो, उजव्या अंगाला हिरवा, आणि ते ओळखता येत नसतील तर तिथे आपलं काम नाही. तो रडला, चिडला, माझ्याशी बोलेना. मग हळूहळू दुसरीकडे वळला. आता मत्स्यशास्त्र शिकतो, बरा रमलाय. बहिणीच्या मुलाची मात्र तयारी जोरात. दर गणपतीत ती सगळ्यांना त्याच्या पुढच्या वर्दीबद्दल सांगायची आणि मी मोदकांच्या पाऱ्या दाबून दाबून फाडायचे.

यंदा मे महिन्यात ती त्याला घेऊन दवाखान्यात आली. सरकारी मान्यतेच्या डॉक्टरांकडे तपासणीला जायच्या आधी माझ्याकडून एकदा नजर बघून घ्यायची होती. दोघं भर उन्हातून आली होती. नंबर बघायच्या अंधाऱ्या खोलीत शिरताच भाचा स्टुलावर आपटला. बहिणीने लगेच शिकवायला सुरुवात केली. उजेडातल्या शंकुपेशी दहाएक मिनिटांत अंधाराला सरावतात, पण अंधारातलं खरं काम दंडपेशींचं, आणि त्यांना पुरतं सरावायला अर्धा तास लागतो. म्हणून जहाजावर रात्री पहारेकऱ्याला आधी अंधारात उभं करतात, दिवा लागलाच तर मंद लाल, कारण लाल उजेडाने दंडपेशी फारशा बिघडत नाहीत. सुंदर सांगते हो ती. ऐकताना माझी जीभ कडू होते.

नजर उत्तम निघाली. मग मी त्याला बाहेर खिडकीपाशी बसवलं आणि पुस्तक उघडलं. पहिलं पान सगळ्यांनाच दिसतं, ते त्याने वाचलं. दुसऱ्यावर चुकीचा आकडा सांगितला. तिसऱ्यावर थांबला. पुढे तो पानाकडे न बघता माझ्याकडे बघायला लागला.

बहीण म्हणाली, आत्ताच अंधारातून आलाय, डोळे बसलेले नाहीत. मी म्हटलं, उजेडाला डोळा पटकन सरावतो, हे तूच शिकवतेस. तरी थोडं थांबलो. चहा झाला. पुन्हा तीच पानं, तीच उत्तरं.

"मावशी, आईने घेतली तेव्हा मला सगळं दिसलं होतं," तो म्हणाला.

कुठे घेतली, कधी, असं मी विचारलं. संध्याकाळी, माजघरात. माझ्या डोळ्यासमोर त्यांच्या माजघरातला तो जुना पिवळा बल्ब आला. ही परीक्षा दिवसाच्या उजेडात घ्यायची असते, कारण पिवळ्या दिव्याने ठिपक्यांचे रंगच बदलतात आणि बाबांसारखा, हिरव्यात थोडी कसर असलेला डोळा निसटून पास होऊ शकतो. आम्ही रोज पुस्तकं हाताळणारे हे जाणतो. नुसतं पुस्तकातलं शिकवणाऱ्यांना दिवा सुचत नाही. मी खिडकी लावली आणि कपाटातला जुना टेबललॅम्प पेटवला. भाच्याने जवळजवळ सगळे आकडे वाचले.

म्हणजे दोन्ही मुलांना बाबांचंच एक्स मिळालं होतं. मी इतकी वर्षं एका बल्बवर जळत होते.

बहीण खुर्चीत बसली. तिने स्वतःलाच समजावल्यासारखं सुरू केलं: तीन प्रकारच्या शंकुपेशी, त्यातली हिरव्याची लालकडे झुकलेली, मग मेंदूकडे जाताना लालविरुद्ध हिरवा, निळ्याविरुद्ध पिवळा अशी ओढाताण, लाल कागदाकडे टक लावून मग पांढरी भिंत पाहिली की हिरवट डाग दिसतो तो त्यामुळेच. भाचा बाहेर जाऊन उभा राहिला होता.

"ताई, पुस्तक तुझ्याकडेच आहे. त्याच्याकडून आकडे पाठ करून घे."

मी नाही म्हटलं. समोरून येणारं जहाज पानं उलटत नाही.

"तुझा मुलगा असता तर?"

"माझाच होता."

ती माझ्याकडे बघत राहिली. लहानपणी माझ्याआधी तिला पेन मिळालं तेव्हा मी जशी बघत होते, तशीच. मग म्हणाली, "तुझ्या लेकाला रडून मोकळं व्हायला इतकी वर्षं मिळाली गो. माझ्याला आजची एक दुपार."

जन्मात पहिल्यांदा तिला माझा हेवा वाटला होता. मला तो आवडला, खोटं कशाला बोलू? मी लॅम्प बंद केला, खिडकी उघडली आणि बाहेर गेले, कारण त्याला हे सांगायचं कसं, ते आम्हा दोघींत फक्त मलाच ठाऊक होतं.