निमंत्रकांची चौकट

अमरावतीत लग्नपत्रिकांच्या एका दुकानात मी अकरा वर्षांपासून कंपोजिंग करते. गिऱ्हाईक वहीच्या पानावर मजकूर लिहून आणतं. त्यात सगळं एकात एक गुंतलेलं असतं. हळदीची वेळ मुलाच्या आजोबांच्या नावात घुसलेली असते, आणि कार्यालयाचा पत्ता 'अगत्य येण्याचे करावे'च्या पुढे. ते सोडवून चौकटीत बसवायचं हे माझं काम. वर गणपती आणि कुलदैवत. मग वधूवर, कोणाची कन्या, कोणाचे चिरंजीव. डाव्या पानावर कार्यक्रम आणि त्यांच्या वेळा. उजव्या पानावर मुख्य मजकूर, खाली निमंत्रक, त्याखाली विनीत. मागच्या बाजूला स्थळ आणि जायचा रस्ता. आणि कुठेतरी कोपऱ्यात, 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं!' म्हणून घरातल्या लेकरांची नावं.

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा साहजिकच पत्रिका माझ्याकडे आली. मुलगा अकोल्याचा, चांगल्या नोकरीत. लग्नही अकोल्यालाच, मुलाकडच्यांनी कार्यालय आधीच धरून ठेवलं होतं.

आमचे वडील गेले तेव्हा मी नववीत होते आणि धाकटी दुसरीत. त्यानंतर आईनं देवळाजवळ फुलांची पाटी लावली. चांदूर बाजारहून मोठे काका शेतातला झेंडू, शेवंती पाठवायचे. आई ती ओवायची आणि विकायची. त्या हारांवर आम्ही दोघी शिकलो. काका माणूस वाईट नाही, हे मी आधीच सांगते. ते नसते तर आईला फुलंही मिळाली नसती.

रविवारी सकाळी काका आणि आई दुकानात आले. काकांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. अक्षर सुंदर होतं, जुन्या माणसांचं असतं तसं. मी टाईप करायला घेतलं. 'स्व. अमुक यांची कनिष्ठ कन्या', पुढे धाकटीचं नाव. निमंत्रक म्हणून श्री. व सौ., म्हणजे काका आणि काकू. विनीतमध्ये चुलतभाऊ, आत्याचे यजमान, माझा नवरा. लेकरांच्या ओळीत माझी पाच वर्षांची मुलगी. सगळा कागद मी टाईप करून संपवला आणि मग माझ्या लक्षात आलं की आईचं नाव कुठेच नाही.

मला वाटलं, राहून गेलं असेल. काका बाहेर चहाला गेले होते. मी कन्येच्या ओळीत 'स्व.'च्या बाजूला 'श्रीमती' टाकलं आणि आईचं नाव घातलं. निमंत्रकांतही काका-काकूंच्या वर एक ओळ वाढवली. आई स्टुलावर बसून शोकेसमधली कार्डं बघत होती. तिला वाचता येतं, पण सावकाश.

"आई, इकडं ये, पाह्य," मी म्हटलं.

ती उठून आली. स्क्रीनजवळ वाकली. स्वतःचं नाव वाचायला तिला वेळ लागला नाही. पदराचं टोक तोंडाशी धरून ती नुसती बघत राहिली.

"हे कार्डावर येईन?" तिनं विचारलं.

"मंग काय त."

तेवढ्यात काका आले. त्यांनी चष्मा लावला, वरून खाली वाचत आले आणि निमंत्रकांपाशी थांबले.

"हे काहून टाकलं?"

"राहिलं होतं ना, काका."

"राह्यलं नव्हतं." ते हळू बोलले, दुकानात दुसरं गिऱ्हाईक होतं. "कन्यादान आमी दोघं करून राहिलो. पोराच्या आईचा फोन होता. निमंत्रण जोडप्याच्या नावानं जावं म्हणते. शुभ कामात उगाच कोणाले बोलाले जागा काहून द्यायची?"

मी म्हटलं, "काका, मी रोज असे कार्ड करते. किती जणांच्या कार्डावर श्रीमती असते. कोणाचं काही बिघडलं नाही."

"दुसऱ्याचं दुसऱ्यापाशी. आपल्याले पोरगी द्यायची हाय."

मी आईकडे पाहिलं. ती स्टुलावर परत जाऊन बसली होती.

"काढून टाक बाई," ती म्हणाली. "नावात काय हाय?"

मी लगेच काढलं नाही. वेळ काढायला म्हणून मी मागची बाजू उघडली. मुलाकडच्यांनी रस्ता पाठवला होता, तो महामार्गावरून यायचा होता. आईनं तो मोठ्यानं वाचायला लावला आणि मान हलवली.

"आपले लोकं मोटारीनं थोडीच येतात? बाया रेल्वेनं येतीन. स्टेशनवर उतरल्यावर कोणत्या अंगानं बाहेर पडायचं ते लिह्य. ऑटोवाल्याले कार्यालयाचं नाव समजत नसन त काय सांगायचं, ते लिह्य."

काकांनी त्याला हरकत घेतली नाही. त्यांनी मुलाकडे फोन लावून विचारलं, आणि आई सांगेल तसं मी टाईप केलं. स्टेशनच्या मुख्य दारानं बाहेर, ऑटोला पाण्याच्या टाकीपर्यंत सांगणे, टाकीच्या मागची दुसरी गल्ली. तिनं ती ओळ दोनदा वाचून घेतली. गाड्यांच्या वेळाही टाक म्हणाली, पण गाड्यांच्या वेळा बदलतात म्हणून मी नको म्हटलं.

मग मी निमंत्रकांकडे परत आले. आईच्या नावाची ओळ निवडली आणि काढली. वरचं 'श्रीमती'ही काढलं. ओळ गेली की खाली रिकामी जागा राहते, म्हणून काका-काकूंची नावं एक साईज मोठी करून मध्यावर घेतली. चौकट छान भरली. काकांनी प्रूफवर सही केली.

छपाईला एक दिवस होता. दुसऱ्या दिवशी बटर पेपरवर प्रिंट काढायची आणि त्यावरून छपाईची जाळी, म्हणजे स्क्रीन, तयार करायची. तोवर फाईल माझ्याच ताब्यात होती. दुपारी मी आईला फोन केला.

"आई, मी तुह्यं नाव परत टाकतो. छापून आल्यावर कोण काय करते?"

"नको करू," ती म्हणाली. "पोरीचं जमलेलं मोडाचं हाय का तुले? नको करू म्हणतो ना."

मी होती तशीच प्रिंट काढली.

कार्डं वाटली गेली. मामाच्या गावी, चांदूर रेल्वेला, काका स्वतः गेले, अक्षता घेऊन. मामा म्हणजे आईचा एकुलता एक भाऊ. वडील गेल्यावर पहिली दोन वर्षं दर महिन्याला धान्याचं पोतं घेऊन येणारा. त्यानं कार्ड घेतलं, काकांना जेवू घातलं. हे काकांनी नंतर सांगितलं.

लग्नाच्या दिवशी आई पहाटेपासून अकोल्याच्या कार्यालयाच्या दाराशी होती. स्टेशनवरून बाया येत होत्या, कार्ड हातात धरून, पाण्याच्या टाकीजवळ ऑटो सोडून. फुलबाजारातल्या तिच्या सोबतिणी आल्या. मामा ज्या गाडीनं येणार होता त्या नागपूरकडच्या गाडीची वेळ झाली तशी ती रस्त्यापर्यंत गेली. त्या गाडीनं कोणी आलं नाही. पुढच्या गाडीनंही नाही.

तिनं मामाला फोन लावला. स्वयंपाकाच्या खोलीत, भांड्यांच्या आवाजात, एका कानात बोट घालून. रिंग जात होती. तिनं पुन्हा लावला.

नवरीला मांडवात मामा आणतो. मंगलाष्टकं चालतात तेव्हा तिच्या पाठीशी मामाच उभा राहतो. भटजींनी "वधूचे मामा" म्हणून हाक मारली तेव्हा सगळे एकमेकांकडे पाहू लागले. शेवटी काकूचा भाऊ पुढे झाला. धाकटीनं मागे वळून पाहिलं, तिच्या खांद्यावर ज्याचा हात होता त्याला ती लहानपणी एकदाच भेटली होती. आई मागच्या रांगेत बसली होती. अक्षता टाकायला तिला पुढे बोलावलं तर ती म्हणाली, "इथूनच टाकतो." तिथून अक्षता पोचत नव्हत्या.

पाच दिवसांनी मी चांदूर रेल्वेला गेले. मामा ओसरीत बसला होता. त्यानं मला पाणी दिलं, मुलीची चौकशी केली. मग आत गेला आणि एक पिशवी घेऊन आला. त्यात पिवळी अष्टपुत्री होती, नवरीला मामाकडून द्यायची साडी. काका पत्रिका घेऊन यायच्या आधीच त्यानं ती आणून ठेवली होती.

"मामा, तू यायला पाहिजे होतं," मी म्हटलं.

"कोणाच्या घरी? कार्ड मीनं वरून खालपर्यंत वाचलं. मागून पुढून वाचलं. मले वाटलं, माह्याच डोयाले दिसून नाई राह्यलं. ज्या घरात माह्या बहिणीचं नाव नाई, तिथं मी कोणाचा भाऊ म्हणून उभा राहू?"

"आईनंच काढ म्हटलं."

"थे म्हणनच. तिनं आजवर काही माहं हाय म्हटलं का?" तो माझ्याकडे पाहत राहिला. "मशीनवर त तू होती ना बाई."

मी साडी घेऊन परत आले. आईनं ती पाहिली आणि हात लावला नाही.

"लग्न झालं आता," ती म्हणाली. "तिले दे नेऊन."

त्यानंतर बहीण-भाऊ बोलले नाहीत. तिला वाटायचं, त्यानं भरल्या मांडवात तिला एकटं पाडलं. त्याला वाटायचं, तिनं स्वतःला पुसू दिलं. मी दोघांना फोन करायचे, निरोप पोचवायचे, पण निरोप असायचा तो तब्येतीचा आणि पिकापाण्याचा. राखीला आई जाते म्हणाली आणि गेली नाही. पोळा झाल्यावर एका सकाळी मामा बैलांना पाणी पाजून ओसरीत येऊन बसला आणि बसल्याजागीच गेला.

आम्ही पोचलो तेव्हा त्याला बाहेर आणलेलं होतं. आई रडली नाही. त्याच्या पायांपाशी बसून राहिली. मामी तिला म्हणाली, "राखीले दिवसभर दारात होते. तुमी येसान म्हणून जेवले नाई." आईनं ऐकलं, आणि त्याच्या पायावरची चादर सारखी केली.

परतीच्या गाडीत गर्दी नव्हती. आई खिडकीशी बसली होती. धामणगाव-पुलगावकडून आलेल्या बाया समोरच्या बाकावर डबा उघडून जेवत होत्या, त्यांनी आम्हालाही भाकर पुढे केली. आईनं हात जोडून नको म्हटलं. आमचं उतरायचं स्टेशन, बडनेरा, जवळ येत होतं तेव्हा ती माझ्याकडे न पाहता बोलली.

"मी तुले नाई म्हटलं होतं, बाई. फोनवर."

"हो."

"तू माह्यं ऐकाले नव्हतं पायजे."

मी तिचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला नाही, पण माझा हात धरलाही नाही. गाडी थांबली, आणि आम्ही उतरून ऑटोकडे चालू लागलो.