‘आहेत’वरची रेघ

झेरॉक्स नावाचा प्रकार आमच्याकडे यायचा होता, तेव्हाची गोष्ट. भोसरीच्या औद्योगिक एस्टेटमध्ये कुठे अर्ज करायचा तर दाखल्याची नक्कल टाइप करून घ्यावी लागे आणि मग कुणा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ‘खरी नक्कल’ असा शेरा, सही, शिक्का. मी तेव्हा एका टायपिंगच्या क्लासात कामाला होते. सकाळी मुलींना बोटं शिकवायची आणि दुपारी नकला ठोकायच्या. क्लासाचे मालक आमचे मास्तर. जुन्या कचेरीतून निवृत्त झालेले, पण कचेरी त्यांच्यातून निवृत्त झालेली नव्हती.

पहिल्याच आठवड्यात मी त्यांचं नाक कापलं होतं. एका दाखल्यावर छापील ओळीच्या मधोमध गोल शिक्का बसला होता. मी आपली डावीकडून उजवीकडे, दिसेल ते टाइप करत गेले. नक्कल तयार झाली ती अशी : ‘अर्जदाराच्या वैद्यकीय अधिकारी डाव्या गालावर ग्रामीण तीळ रुग्णालय आहे.’ मास्तरांनी ती अख्ख्या क्लासाला वाचून दाखवली. मुली हसून हसून टाइपरायटरवर आडव्या. मी रागाने लाल, त्या दिवशी डबासुद्धा खाल्ला नाही.

मग मास्तरांनी मला बाजूला घेऊन शिकवलं. कागदावर तीन माणसं बोलत असतात, म्हणाले. एक छापखाना, एक सही करणारा, एक शिक्का मारणारा. एकाच्या तोंडात दुसऱ्याचं बोलणं घालू नकोस. आधी शिक्का नाहीच असं समजून छापील ओळ पुरी वाच. दिसत नसेल तर कागद खिडकीशी तिरपा धर, उलटा करून उजेडावर बघ. ओळ पुरी टाइप झाली की खाली कंसात ‘गोल शिक्का’ आणि त्यातला मजकूर वेगळा. सहीच्या जागी ‘सही/-’. शब्द खोडलेला असेल तर तो टाइप करून पुढे कंसात ‘खोडलेला’. आणि इतकं करूनही शिक्क्याखालचं दिसलं नाही, तर दिसत नाही असं लिही. अंदाजाने भरलंस तर तुझी बोटं मी मोडेन.

हे मी इतकं मनावर घेतलं की सहा महिन्यांत मास्तरांनाही माझी भीती वाटू लागली.

तर एका दुपारी जेवणाच्या वेळी एक गडी आला. तिशी ओलांडलेला, काटक, डोक्याला टोपी. गावातला जुना शेतकरी. त्याचं रान एस्टेटच्या नव्या टप्प्यात गेलं होतं आणि त्याच बाजूला उभ्या राहणाऱ्या एका कारखान्याला फाटकावर पहारेकरी हवा होता. जमीन गेलेल्यांना आधी घेणार होते, पण सरकारी डॉक्टरच्या दाखल्याची नक्कल अर्जाला जोडायची होती. अर्जाची मुदत त्याच दिवशी पाचला संपत होती.

“घ्या बाई, येवढं टकटक करून द्या,” म्हणाला, आणि पिशवीतून कागद काढला.

छापील फॉर्म. वरती नाव, वय, उंची, छाती शाईने भरलेली. छातीच्या पुढे दोन आकडे, न फुगवता आणि फुगवून, आणि दोन्ही आकडे जवळजवळ सारखेच. त्याखाली एकच छापील ओळ : ‘सदर कामासाठी शारीरिकदृष्ट्या योग्य आहेत / नाहीत (लागू नसेल ते खोडावे).’ आणि ‘आहेत’ या शब्दावरून सरळ एक निळी रेघ गेलेली.

मी चष्मा वर केला. “दादा, तुम्हाला नापास केलंय की.”

“छ्या,” तो म्हणाला. “ती सहीची शेपटी हाय. बघा की नीट.”

नीट बघितलं. ओळीच्या अगदी खालीच डॉक्टरांची सही होती. डॉक्टरांच्या सह्या कशा असतात तुम्हाला ठाऊक आहेच. हिची शेपटी खरोखरच वर वळून डावीकडे ‘आहेत’च्या दिशेने निघाली होती. शाई तीच, पेन तेच. शेपटी रेघेला जाऊन मिळते की नाही, एवढंच बघायचं होतं. आणि नेमक्या त्याच जागी दवाखान्याच्या कारकुनाने जांभळा शिक्का हाणला होता. एकदा नीट उमटला नाही म्हणून वर दुसरा. जांभळ्या चिखलाखाली शेपटी शिरली होती आणि पलीकडून रेघ निघाली होती. आत काय झालं ते कुणालाच दिसत नव्हतं.

शेपटी रेघेला मिळत असेल तर डॉक्टरांनी काही खोडलेलंच नव्हतं, सही तेवढी लांबली होती. मिळत नसेल तर ‘आहेत’ खोडलेला होता आणि गड्याची नोकरी गेली होती.

मी कागद तिरपा धरला. उलटा करून खिडकीला लावला. मागून बोट फिरवलं, पण शाईच्या पेनाचा दाब कुठला लागतोय. “काही कळत नाही,” मी म्हटलं.

“मग सोडून द्या ना रेघ. निस्तं आहेत, नाहीत, दोन्ही टाइप करा. कोण बघतंय?”

“आणि मूळ कागद मागितला म्हणजे?”

“मागतील तवा मागतील.”

“ते जमणार नाही.”

“मग काय ‘खोडलेला’ लिवता? माज्या पोटावर पाय देता?”

“तेही नाही लिहिणार.”

“ह्ये न्हाई, त्ये न्हाई. मग करनार काय तुमी?” गडी आता तापला होता. मीही काही कमी नव्हते. म्हटलं, आवाज चढवायचा तर बाहेर जाऊन चढवा, इथे मुली सराव करतायत. तो बाहेर गेला, दारात उभा राहून पुन्हा आत आला आणि बाकावर मुकाट बसला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण बोटं मोडून घ्यायची नव्हती.

मास्तर जेवायला घरी गेलेले. मी अर्धा तास कागदाकडे बघत बसले आणि मग टाइप केलं. ओळ पुरी, ‘आहेत’ आणि ‘नाहीत’सकट. सही/-. गोल शिक्का, त्यातला मजकूर. आणि खाली कंसात : ‘मूळ कागदावर “आहेत” या शब्दावरून शाईची रेघ गेलेली आहे. ती शब्द खोडण्यासाठी मारली आहे की खालील सहीचा भाग आहे, हे तेथे पडलेल्या दुहेरी शिक्क्यामुळे दिसत नाही.’

वाचून दाखवलं. तो गुडघ्यावरची टोपी झटकत उठला. मग म्हणाला, “खरं हाय ते,” आणि टोपी डोक्यावर घातली.

खरी नक्कल करून द्यायला आमच्या जवळचा राजपत्रित अधिकारी म्हणजे जनावरांचे डॉक्टर. तिथे मीच बरोबर गेले, कारण असला कंस बघून ते कागद फेकून देतील अशी खात्री होती. दवाखान्यात एका म्हशीच्या कासेशी वाकून बसले होते. हात धुऊन आले, मूळ आणि नक्कल शेजारी ठेवून ओळीओळीवर बोट फिरवलं. कंसाशी थांबले. भिंग काढलं, शिक्का बघितला, गड्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

“बैल असता तर मीच सांगितलं असतं तुला योग्य की अयोग्य,” म्हणाले. “माणसांचं मला कळत नाही. पण नक्कल खरी आहे.” आणि सही ठोकली. शिक्का मारताना मात्र कागदाची कोरी जागा शोधून मारला. माझ्याकडे बघून हसले तेव्हा मला जरा भाव आला.

गडी साडेचारला सायकलवरून कारखान्याच्या ऑफिसकडे सुटला.

पुढे काय झालं ते आठ-दहा दिवसांनी मास्तरांकडून कळलं. ऑफिसातल्या साहेबाने तो कंस दोनदा वाचला, मूळ कागद मागवला, भिंग फिरवलं आणि शेवटी वैतागून म्हणाला, कागदाचं राहू दे, माणूसच तपासा. कंपनीच्या डॉक्टरने पुन्हा छाती मोजली. या वेळी फुगवून दीड इंच जास्त भरली. गडी पास. मास्तरांनी क्लासात माझ्या नकलेची कार्बन प्रत वाचून दाखवली, पण या वेळी कुणी हसलं नाही. मी आठवडाभर नाक वर करून हिंडत होते. सहीची शेपटीच होती ती, मी सगळ्यांना सांगत सुटले, बघा, माझ्यामुळे बिचाऱ्यावरचा अन्याय टळला.

पावसाळ्यानंतर त्याच कारखान्याची काही पत्रकं टाइप करून द्यायला मी गेले. फाटकावर हा. खाकी कपडे, छातीवर बटणं ताणलेली. मला बघून स्टुलावरून उठला, स्टूल फडक्याने पुसून मला बसायला दिलं आणि चहा मागवला. इकडचं तिकडचं झालं. मी म्हटलं, “बघा, सहीचीच शेपटी होती की नाही? उगाच भांडलात माझ्याशी.”

तो बशीत चहा ओतत होता. “न्हाई बाई. रेघ डाक्टरचीच हुती. माज्या म्होरं मारली त्यांनी.”

मी कप खाली ठेवला. “म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं? आणि मला तोंडावर शेपटी सांगितलीत?”

“सांगितली,” तो म्हणाला. लाजला वगैरे काही नाही. “तुमी लिवलं न्हाई तसं, ही तुमची गोष्ट.”

मी भडकले. मी इतका जीव काढून खरं लिहावं आणि या गृहस्थाने त्यावर आपलं खोटं बसवून आरामात आत शिरावं? तसं त्याला बोललेही. बरंच बोलले. त्याने सगळं ऐकून घेतलं.

“आणि मग छाती दुसऱ्या वेळी कशी भरली?” मी शेवटी विचारलं. “तीही काही युक्ती?”

त्याने बशी खाली ठेवली आणि फाटकाच्या आत, जिथे मालाच्या गाड्या उभ्या राहतात, त्या सिमेंटच्या चौकाकडे बोट केलं.

“तितं आमची हीर हुती. माज्या बानं खांदलेली. डाक्टरकडं गेलो त्या सकाळी ती बुजवत हुते, बुलडोझरनं. बघत हुबा हुतो, मग तसाच एस्टी धरली. डाक्टर म्हनले, दम घ्या, छाती फुगवा.” तो चौकाकडेच बघत होता. “फुगंना, बाई. कायबी केल्या फुगंना.”