कढीलिंबाची हक्कसोड

आमच्या घरात कुठलीही वाटणी तीन दिवसांहून जास्त टिकल्याचं मला आठवत नाही. आम्ही भावंडं तीन: दादा, ताई आणि शेंडेफळ मी. आई हापूस कापायची तेव्हा दोघांना फोडी आणि एकाला कोय मिळायची. कोयवाला तेव्हा मुकाट्याने चोखायचा आणि दुसऱ्या दिवशी शाळेत निघताना जाहीर करायचा, माझ्या कोयीला गर कमी होता, पुन्हा वाटा. मग संध्याकाळी नवा आंबा कापला जायचा आणि भांडण पहिल्यापासून सुरू. कपाटाचे खण, खिडकीजवळची झोपायची जागा, वर्तमानपत्रातलं आधी कुठलं पान कोणी वाचायचं, सगळ्याची हीच गत. आई वैतागून म्हणायची, मेल्यांनो, एकदा तरी वाटलेलं वाटलेलं राहू द्या.

ऐंशीच्या दशकात, गल्लीत पहिला रंगीत टीव्ही आला त्या सुमारास आई गेली. वडील आधीच गेले होते, मृत्युपत्र न करता. मागे राहिलं काय, तर मुलुंडचं आमचं बैठं तीन खोल्यांचं घर, बोरिवलीच्या सोसायटीतला एक फ्लॅट आणि आईचे दागिने नि बँकेतल्या ठेवी. सगळं वडिलांनी स्वतःच्या कमाईतून केलेलं. कायद्याने प्रत्येकात तिघांचा तिसरा हिस्सा. म्हणजे माझ्या स्वयंपाकघरात तिसरा हिस्सा ताईचा आणि दादा राहायचा त्या बोरिवलीच्या फ्लॅटच्या बाल्कनीत तिसरा माझा.

मी लग्न केलेलं नाही. शाळेत शिकवत होते आणि मुलुंडच्या त्या घरात आईवडिलांबरोबर राहत होते. दोघांचंही आजारपण मी काढलं, ते उपकार म्हणून नाही, ते माझेही आईबाप होते. पण आई गेल्यावर माझी झोप उडाली. माझी भावंडं वाईट नव्हती हो. वाईट असती तर सरळ भांडता आलं असतं. ती नुसती पुन्हा वाटू म्हणणारी होती. मला दिसायचं, मी साठीची झाले आहे, दारात दादाचा मुलगा उभा आहे आणि म्हणतो आहे, आत्या, आमच्या तिसऱ्या हिश्शाचं काय? त्या वयात बोचकं घेऊन कुठे जाणार होते मी? मला ते घर हवं होतं आणि ते परत कोणी वाटायला काढणार नाही अशी खात्री हवी होती. एवढंच.

नवल म्हणजे वाटणीवर तिघांचं एकमत झालं. दादा बोरिवलीच्या फ्लॅटमध्ये राहतच होता, तो त्याचा. दागिने आणि ठेवी ताईच्या, कारण घाटकोपरला तिच्या नवऱ्याची स्वतःची जागा होती. मुलुंडचं घर माझं. दादा म्हणाला, फुलस्केपवर लिहू, तिघं सही करू, झालं. मी म्हटलं, तुझ्या फुलस्केपची किंमत मला ठाऊक आहे, वकिलाकडे चला.

आमच्या वकिलांची खोली मुलुंड स्टेशनजवळ एका पिठाच्या गिरणीवर होती. गिरणी चालू झाली की त्यांना ओरडून बोलावं लागे. त्यामुळे आमचं सगळं कौटुंबिक गुपित दळण घेऊन बसलेल्या बायकांना आमच्याइतकंच समजत होतं. खाली उतरलं की त्यातली एक तरी विचारायचीच, ठरलं का हो?

वकिलांनी पहिलाच प्रश्न विचारला, तोंडी वाटणी आधीच झाली आहे का? झाली असेल तर आठवणीसाठी तिची नुसती नोंद लिहून ठेवता येते, ती रजिस्टर करायची गरज पडत नाही. आम्ही तिघं एका सुरात म्हणालो, झाली आहे की. ते म्हणाले, मग सांगा कशी झाली, एकेकाने. दादाने सांगितलं, फ्लॅट माझा आणि मुलुंडची पुढची खोली गणपतीत माझी. ताईने सांगितलं, दागिने माझे आणि मागचं अंगण माझं. मी सांगितलं, घर माझं, अंगणासकट, आणि हे दोघं खोटं बोलताहेत. वकिलांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तुमची तोंडी वाटणी झालेली नाही," ते म्हणाले. "तुमच्या तीन झाल्या आहेत."

मग त्यांनी ओरडूनच समजावलं. आता कागदानेच हक्क द्यायचा नि काढायचा, तेव्हा रीतसर कौटुंबिक व्यवस्थापत्र हवं, मुद्रांकासह आणि रजिस्टर केलेलं. शिवाय कोणाला काय मिळालं एवढं लिहून भागत नाही. कोणी काय सोडलं ते लिहिलं नाही तर उद्या कोणीही म्हणेल की मला फ्लॅट मिळाला हे खरं, पण घरातला हिस्सा मी कुठे सोडला? म्हणून प्रत्येकाने दुसऱ्या दोघांच्या वाट्यातला आपला हक्क, हितसंबंध आणि मागणी कायमची सोडायची, स्वतःतर्फे आणि वारसांतर्फे, आजची आणि पुढची, काहीही राखून न ठेवता. एकाने सोडलं म्हणून दुसऱ्याने सोडलं, हाच त्याचा मोबदला. मला ते ऐकून इतकं बरं वाटलं की मी मान डोलवत राहिले.

आठवड्याने मसुदा वाचायला बोलावलं. वकील वाचत होते, आम्ही माना हलवत होतो. शेवटच्या पानावर ते अडखळले. हक्कसोडीच्या परिच्छेदाखाली एक ओळ होती, जी त्यांनी टायपिस्टला सांगितलीच नव्हती: मात्र मागील अंगणातील कढीलिंबाच्या झाडावरील लिहून देणार क्रमांक दोन यांचा हक्क कायम राहील. क्रमांक दोन म्हणजे ताई. ती खिडकीबाहेर बघत होती. टायपिस्टने कबुली दिली की ताई डबाभर चकल्या घेऊन आल्या होत्या आणि एवढीच एक ओळ टाका म्हणाल्या होत्या. चकल्या झकास होत्या, असंही तो म्हणाला.

मी भडकले. ताई म्हणाली, ते झाड मी लावलंय, शाळेत होते तेव्हा, माझ्या आमटीला घाटकोपरच्या बाजारातला पाला चालत नाही, त्याला वासच नसतो. दादा म्हणाला, तिला झाड असेल तर मला पुढच्या खोलीतला झोपाळा, गणपतीचे दीड दिवस. मी म्हटलं, मग मला तुझी बाल्कनी, दर रविवारी, चहासकट. दादा म्हणाला, चहा नाही. यावर आम्ही पाऊण तास भांडलो. खाली गिरणी बंद झाली होती, दळण झालेल्या बायका डबे घेऊन जिन्यात उभ्या होत्या आणि एकीला चहाचं माझं म्हणणं पटलं होतं.

वकील एका कोऱ्या कागदावर आमचं सगळं लिहून घेत होते. मग त्यांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं. झाड, अंगणात जायची वाट, झोपाळा, झोपाळ्याची खोली, बाल्कनी, बाल्कनीत जायला दादाचा दिवाणखाना. वाचून झाल्यावर म्हणाले की या कागदाप्रमाणे तुम्ही तिघं पुन्हा सगळ्याचे मालक झालात, मी फी कशाची घेऊ? आज कढीलिंब राखून ठेवला की उद्या झाडापर्यंतची वाट मागाल, परवा पावसात उभं राहायला पडवी. सोडायचं तर पूर्ण सोडा, नाहीतर घरी जा.

एक एक मागणी त्यांनी खोडली. ताईचं झाड शेवटी खोडलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मला वाईट वाटलं का? खरं सांगते, नाही वाटलं. सुटले बाई, असं वाटलं.

नोंदणीच्या दिवशी रजिस्ट्रार कचेरीत बाकावर आम्ही तिघं आणि साक्षीदार म्हणून गल्लीतले दोन शेजारी. दादा बोरिवलीहून बस बदलत आल्याचं तीनदा सांगून झाला. साहेबांनी एकेकाला पुढे बोलावलं. मजकूर समजला का? सही तुमची का? लिहून दिलं हे कबूल आहे का? दादाने कबूल म्हटलं, अंगठा उठवला आणि शाई शर्टाला पुसली. मग ताई.

"कबूल आहे, पण," ताई म्हणाली.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. आता ही म्हणणार पुन्हा वाटा, आणि माझं म्हातारपण रस्त्यावर. वकील हळूच म्हणाले की बाई, पण असेल तर दस्त आज नको. ताईने वळून माझ्याकडे पाहिलं. मी छताच्या पंख्याकडे पाहिलं, इतकं लक्ष देऊन की त्याला तीन पाती आहेत हे मला आजही आठवतं.

"कबूल आहे," ताई म्हणाली, आणि अंगठा पुढे केला.

दस्त झाला. बाहेर आम्ही उसाचा रस प्यायलो. दादाचा ग्लास जास्त भरलाय असं कोणीही म्हणालं नाही, तेव्हाच खरं तर माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण मी खुशीत होते. सिटी सर्व्हेच्या नोंदीत घराला माझं नाव लागलं, दाराला नवा रंग दिला. रात्री गाढ झोप लागू लागली. त्या घरात वाटलेलं पहिल्यांदाच वाटलेलं राहिलं होतं.

महिन्याभराने एका रविवारी दाराची कडी वाजली. आमच्याकडे माणसं कडी वाजवत नाहीत, मागच्या अंगणातून थेट स्वयंपाकघरात येतात. ताई तर आयुष्यभर तशीच आली, आल्या आल्या पातेल्याचं झाकण उघडून मीठ कमी आहे म्हणायला. मी दार उघडलं. ताई चपला घालून पायरीवर उभी होती, हातात रिकामी पिशवी.

"थोडा कढीलिंब नेऊ का गं?" तिने विचारलं.

मला काय झालं कोण जाणे. मी जोरात ओरडले, अगं विचारतेस काय? ती म्हणाली, सही केलीय ना मी, सगळं सोडलंय, आता विचारायला नको? ती टोमणा मारत नव्हती हो. टोमणा मारला असता तर मी दोन शब्द सुनावले असते. ती खरंच विचारत होती, शेजारीण विचारते तसं. मी पायरीवरच बसले आणि रडले, नाक वाहीपर्यंत. ताई घाबरली आणि तिने पिशवीनेच माझं नाक पुसलं.

मी तिला सांगितलं, ताई, दस्त दस्ताच्या जागी. पुन्हा पुढच्या दाराने आलीस तर दार उघडणार नाही.

ती मागे गेली. अर्धं झाड ओरबाडून आणलं, पातेल्याचं झाकण काढलं, आमटीत मीठ कमी आहे म्हणाली, आणि जाताना माझी लिंबाच्या लोणच्याची अख्खी बरणी उचलली. मी म्हटलं, अर्धी ठेव. ती म्हणाली, पुढच्या रविवारी आणते, मग पुन्हा वाटू.